सिक्रेट सेव्हनमधला कोण कोणता, हे मुलाच्या (आणि माझ्या) लक्षात कसं राहावं?

मुग्धा_क

मुलगा आठ वर्षांचा आहे. रात्री झोपताना त्याला एनिड ब्लायटनचं सिक्रेट सेव्हन, त्या सात मुलांच्या डिटेक्टिव्ह टोळीच्या गोष्टी, वाचून दाखवतेय, म्हणजे पुस्तक इंग्रजीच आहे पण त्याला अजून भराभर इंग्रजी कळत नाही म्हणून मी पान समोर धरते आणि मराठीत सांगत जाते. पहिलं पुस्तक संपलं, दुसरं चालू आहे. गोष्ट त्याला जाम आवडते, पण दर दोन पानांनी थांबवतो, "आई, कॉलिन म्हणजे कुठला? तो कुत्र्याचा मालक का?" मी सांगते नाही रे, कुत्रा पीटर-जॅनेटचा. पुढच्या पानावर परत, "मग जॉर्ज कोण?" आणि खरं सांगते, मलाही सांगता येत नाही. पीटर लीडर, जॅनेट त्याची बहीण, जॅकला ती सूझी नावाची आगाऊ बहीण आहे, इथपर्यंत ठीक. पण कॉलिन आणि जॉर्ज, पॅम आणि बार्बरा या चौघांत मला काही म्हणता काही फरक सापडत नाहीये. लहानपणी मीच ही सगळी पुस्तकं वाचली होती आणि तेव्हाही बहुतेक असंच झालं असणार.

वाचून दाखवणाऱ्यांनी यावर काय केलंय? वेगवेगळे आवाज काढू का? चार्ट करू का?

रानपाखरू

अगं सोप्पंय, जॉर्ज म्हणजे ती मुलगी ना, केस कापलेली, जिला मुलगा व्हायचं असतं. तिचं खरं नाव जॉर्जिना. ती धरून ठेव, तिचा स्वभाव तापट आहे, मुलाच्या पटकन लक्षात राहील. कुत्रा पण तिचाच.

मुग्धा_क

@रानपाखरू अगं ती ब्लायटनच्याच दुसऱ्या मालिकेतली, फेमस फाइव्हमधली जॉर्ज. सिक्रेट सेव्हनमधला जॉर्ज साधा मुलगा आहे. आणि इथला कुत्रा स्कॅम्पर, तुझ्या डोक्यातला टिमी.

रानपाखरू

अरे हो की! मी दोन्ही एकाच वाचनालयातून आणायचे, सुट्टीत पाठोपाठ. बघ म्हणजे, एक जॉर्ज पंचवीस वर्षांनीही आठवतेय आणि दुसरा कधी डोक्यात गेलाच नाही.

सदूभाऊ_नाशिक

मुग्धाताई, मी वीस-एक वर्षं मुलांचं फिरतं वाचनालय चालवलं, त्यामुळे हा प्रश्न शेकडो मुलांकडून ऐकलाय, आणि बहुतेक वेळा याच चार नावांबद्दल. तेव्हा आधी हे मनातून काढा की तुमचं किंवा मुलाचं लक्ष कमी पडतंय. त्या चौघांना पुस्तकात वेगळं काढलेलंच नाहीये, निदान बहुतेक पुस्तकांत तरी नाही.

मी मुलांना एक काम द्यायचो. कागदावर घरं काढा. सात मेंबर आहेत पण घरं किती? सहा. पीटर आणि जॅनेट एका घरात, त्याच घराच्या बागेत ती शेड, जिच्या दारावर एस एस लिहिलंय. स्कॅम्पर तिथलाच. दुसरं घर जॅकचं, तिथे सूझी. उरलेली चार घरं पॅम, बार्बरा, कॉलिन, जॉर्ज यांची. आता मुलांना सांगायचो की प्रत्येक घरात आतलं काय काय माहितीय ते भरा. पीटरच्या घरात भराभर भरतं, आई, बाबा, शेत, शेड, कुत्रा. जॅकच्या घरात सूझी, तिची मैत्रीण बिंकी, रोजची भांडणं. आणि मग चार घरं जवळजवळ रिकामी. मुलं स्वतःच म्हणायची, "काका, ह्यांच्या घरी कोणीच नाही का?" बरोबर तिथेच उत्तर आहे. ज्याला टोळीच्या बाहेरून कोणीतरी ओढतंय, छळतंय, अडवतंय, तो मेंबर लक्षात राहतो. ज्याला फक्त टोळीच आहे तो टोळीत विरघळून जातो.

निशाचर

माझ्या मते एवढं काही खोल नाहीये हो. जॅक लक्षात राहतो कारण पहिल्या पुस्तकात तो आपला बिल्ला हरवतो आणि रात्री बर्फात एकटा शोधायला जातो. मुलांना ॲक्शन लक्षात राहते. कॉलिन, जॉर्जला अशी ॲक्शन दिली असती तर तेही राहिले असते.

सदूभाऊ_नाशिक

@निशाचर दिलीय की, कॉलिनला दिलीय. मुग्धाताई आत्ता जे वाचतायत त्या दुसऱ्या पुस्तकातच (सिक्रेट सेव्हन ॲडव्हेंचर, १९५०). पुढचं फोडत नाही, सुरुवातीचंच सांगतो. सगळे झाडीत खेळतायत, कॉलिन झाडावर चढून लपलाय, आणि त्याला मोठ्या वाड्याच्या भिंतीवरून एक माणूस उतरताना दिसतो. तिथून मोत्यांचा हार चोरीला गेलेला असतो. म्हणजे अख्ख्या पुस्तकाचा एकमेव साक्षीदार कॉलिन! याहून मोठी ॲक्शन कुठली द्यायची? तरी त्यांचा मुलगा विचारतोय, कॉलिन म्हणजे कुठला.

मी याला अदलाबदल करून बघणं म्हणतो. झाडावरून कॉलिनला खाली उतरवा आणि जॉर्जला चढवा. गोष्टीत काय बदललं? काहीच नाही. तोच माणूस दिसेल, तेच पोलिसांना सांगेल. तुमच्या बिल्ल्याचंही तेच, बिल्ला कोणाचाही हरवू शकतो. आता सूझीचं भांडण जॅककडून काढून कॉलिनला द्या बघू. नाही देता येत. सूझीच कॉलिनच्या घरात न्यावी लागेल. जे काम दुसऱ्याला देता येत नाही त्याच्यामुळे पात्र ओळखू येतं, काम किती थरारक आहे याने नाही.

निशाचर

हां हे पटतंय थोडं. पण मग जॅकसुद्धा स्वतःमुळे नाही तर सूझीमुळेच ओळखू येतो ना. स्वतः जॅक कसा आहे हे मला अजून सांगता येणार नाही. तापट? शांत? धाडसी? काहीच नाही. तो "सूझीचा भाऊ" आहे बस.

सदूभाऊ_नाशिक

हे बरोबर पकडलंत. जॅकचा स्वभाव फार रंगवलेला नाही, जे आहे ते नात्याचं आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. आपणही चाळीत पोरांना तसंच ओळखायचो ना, "अमक्याचा धाकटा".

केतकी_पार्ले

आवाज काढायच्या प्रश्नावर लिहिते कारण मी दोन मुलींना बरीच वर्षं वाचून दाखवलंय. सात आवाज काढू नकोस. मी उत्साहात सुरू केलं, पीटर जरा जाड, जॅनेट बारीक, कॉलिन नाकातून, आणि तिसऱ्या दिवशी कॉलिनचा आवाज जॉर्जला दिला तर धाकटीने लगेच पकडलं. मग तिला गोष्टीपेक्षा माझ्या चुका पकडण्यातच रस वाटायला लागला. तीनच आवाज ठेव. पीटरचा हुकुमी, सूझीचा चिडवणारा, आणि बाकी सगळे तुझा नेहमीचा. सूझी टोळीत नाहीये पण आवाज तिला नक्की दे, कारण ती आली की प्रसंग हलतो.

आणि तुला एक गोष्ट फुकट मिळतेय ती वापर, मराठी! इंग्रजीत नुसतं सेड, पॅम सेड, कॉलिन सेड, त्यामुळे नाव निसटलं की मुलगा का मुलगी तेही कळत नाही. तू सांगताना आपोआप "म्हणाला", "म्हणाली" येतंच. म्हणजे चौघांचे लगेच दोन-दोन झाले. शिवाय अरे-अगं घाल. "अगं पॅम, तू बार्बराबरोबर जा" असं पीटरने म्हटलं की कोण कोणाशी बोलतंय हे मुलाला ऐकूनच कळतं. माझ्या मुली मोठ्या झाल्यावर तीच पुस्तकं इंग्रजीत वाचायला लागल्या तेव्हा म्हणाल्या की आई इथे तर सगळे जास्तच सारखे वाटतात.

पंचगंगा

केतकीताई, हे पुण्या-मुंबईत चालेल. आमच्या कोल्हापुरात मुली सर्रास "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात, माझी भाची तर तसंच बोलते. मी तिला गोष्ट सांगताना पॅमच्या तोंडी "मी बघितलं, मी पळालो" असंच येतं माझ्या. त्यामुळे बोलण्यात काही फरक कळत नाही, निवेदनात "म्हणाली" आलं तरच कळतं.

केतकी_पार्ले

अरे वा, हे लक्षातच नव्हतं आलं. मग फेमस फाइव्हची जॉर्ज तुमच्याकडे अगदी सहज बसेल की! आमच्याकडे तिच्या तोंडी "मी आलो" घातलं की मुली दचकायच्या, कारण तिथे तो तिचा हट्ट म्हणून ऐकू येतो. ती स्वतः "मी जाणार, मी घाबरत नसतो" म्हणते आणि निवेदनात मी मात्र "जॉर्ज म्हणाली". मला तेच बरोबर वाटलं, कारण ती स्वतःला काय समजते आणि बाकीचे काय समजतात हे दोन्ही एकाच वाक्यात ऐकू येतं.

पंचगंगा

उलट आहे ना ताई. आमच्या भाचीला त्यात काही हट्टच वाटणार नाही. "मी पण असंच बोलतो की", म्हणेल. मग जॉर्जचं वेगळेपण दुसरीकडून दाखवावं लागणार, कापलेले केस, जॉर्जिना म्हटलं की उत्तरच न देणं वगैरे.

ल्योनकर

मी फ्रान्समध्ये राहतो, मुलं इथेच वाढतायत, त्यांनी ही सगळी फ्रेंचमध्येच वाचलीत. फ्रेंचमध्ये नावं बदललेली आहेत. फेमस फाइव्हमधल्या जॉर्जचं नाव केलंय क्लोद. इथे क्लोद हे मुलाचं पण नाव असतं आणि मुलीचं पण, त्यामुळे नाव ऐकून काहीच कळत नाही आणि अनोळखी माणूस तिला मुलगा समजला तर ते सहज पटतं. ज्युलियनचा फ्रांस्वा, डिकचा मिक, टिमीचा दागोबेर. मराठीत तसं नाव शोधायचं तर काय ठेवाल? किरण? शीतल? सुहास? किरण मला सगळ्यात जवळचं वाटतं.

सिक्रेट सेव्हनबद्दल मात्र माझ्या मुलीला विचारलं तर म्हणाली की बाबा मला फक्त कुत्रा आणि ती वाईट बहीण आठवते. म्हणजे भाषा बदलूनही तेच.

मुग्धा_क

@ल्योनकर किरण मस्त आहे. पण मी नावं बदलणार नाहीये, तो शाळेत मित्रांशी बोलतो तेव्हा त्याला खरी नावं माहिती हवीत.

@सदूभाऊ_नाशिक काका, घरांचं चित्र आज काढलं. त्याने कॉलिनच्या घरात एक झाड काढलं, "तो झाडावर असतो म्हणून". मी हसले नाही, असू दे म्हटलं.

सदूभाऊ_नाशिक

उत्तम केलंत. मुलं असंच करतात, रिकाम्या घरात स्वतःचं काहीतरी ठेवतात.

बालनाट्यवाली

नमस्कार. धागा वाचतेय आणि मला माझाच प्रश्न पडलाय. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी अर्ध्या तासाचं नाटुकलं लिहितेय, सहा मुलांची डिटेक्टिव्ह टोळी, सोसायटीतली सायकल चोरीला जाते. सहाच जण का, तर वर्गातल्या सहा जणांना काम मिळायला हवं. प्रॅक्टिसमध्ये मुलंच एकमेकांची वाक्यं म्हणतायत आणि कोणाला काही चुकल्यासारखं वाटत नाहीये. मी प्रत्येकाला एकेक खूण दिली, एक सतत खातो, एक चष्मा पुसतो, एकीला शिंका येतात, एक इंग्रजी शब्द फेकतो. तरी काही होत नाहीये. सदूभाऊ, तुमची ती अदलाबदल नाटकात कशी वापरायची?

निशाचर

खूण देणं हेच तर बरोबर आहे. फास्टर फेणेचं "ट्टॉक" बघा. तो एक आवाज आला की संपलं, महाराष्ट्रातलं कोणतंही पोरगं सांगेल कोण ते. तुमच्या खुणा कमी पडतायत, जरा ठसठशीत करा.

सदूभाऊ_नाशिक

@निशाचर पण फास्टर फेणे टोळी नाहीये हो, तो एकटा नायक आहे. सगळी गोष्ट त्याच्यामागे सायकलवरून धावते. "ट्टॉक" काढून टाकलं तरी तो बनेश फेणेच राहतो, कारण नको तिथे नाक खुपसल्याशिवाय त्याला राहवतच नाही. ट्टॉक हा वरचा शिक्का आहे.

बालनाट्यवाली ताई, तुमच्या खुणा चुकीच्या नाहीत, पण सायकलच्या चोरीशी त्यांचा काही संबंध आहे का ते बघा. शिंका कोणालाही देता येतात. सायकल कोणाची आहे?

बालनाट्यवाली

वॉचमनच्या मुलाची. तो टोळीत नाहीये.

सदूभाऊ_नाशिक

मग त्यालाच टोळीत घ्या, एकाचं काम तिथेच पक्कं झालं. त्याला सायकल परत हवीय, बाकीच्यांना खेळ हवाय. तो घाई करणार, चिडणार, खेळ थांबवा म्हणणार. हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडी बसणार नाही. दुसरा असा घ्या की ज्याच्या दादावर संशय येतोय. त्याला उत्तर सापडायलाच नकोय, तो टोळीला भलत्याच दिशेला नेणार. तिसरी अशी की जिला आईने खाली उतरायला बंदी केलीय, ती गॅलरीतून बघते आणि वरूनच ओरडून सांगते, त्यामुळे तिला जे दिसतं ते खालच्यांना दिसत नाही. एवढे तीन पुरेत. उरलेल्या तिघांना वेगळं करायच्या फंदात पडू नका, त्यांना एकत्र ठेवा, एकत्र बोलवा, तिघांची वाक्यं एकमेकांत गेली तरी चालतील.

बालनाट्यवाली

पण त्या तिघांचे आईबाबा मला विचारणार ना, आमच्या मुलाला काय काम आहे म्हणून.

केतकी_पार्ले

त्या तिघांना गाणं दे.

बाबूघाट

मी नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे. इकडे पांडव गोएंदा म्हणून पाच मुलांची टोळी फार लोकप्रिय आहे, हावड्याकडची. नावं ऐका, बाबलू, बिलू, भोंबल, बाच्चू, बिच्छू. सगळी "ब-भ" वर! मला वाटलं होतं की आपल्याला तर कधीच वेगळे कळणार नाहीत. पण माझ्या मुलाचा घोटाळा फक्त बाच्चू आणि बिच्छूमध्ये होतो, त्या दोघी बहिणी आहेत आणि जोडीनेच येतात. बाबलू लीडर म्हणून पक्का आणि कुत्रा पांचू, एका डोळ्याने आंधळा, तो सगळ्यात पक्का. तेव्हा नावं सारखी असण्याने मला वाटतं तेवढा फरक पडत नाही. जोडीजोडीने आले की पडतो.

सदूभाऊ_नाशिक

हे फार कामाचं सांगितलंत. सिक्रेट सेव्हनमध्येही तेच होतं, पीटर कामं वाटतो ती जोडीने, पॅम आणि बार्बरा तुम्ही इकडे, कॉलिन आणि जॉर्ज तुम्ही तिकडे. जोडी परत आली की दोघी आळीपाळीने सांगतात आणि कोणी कुठलं वाक्य म्हटलं याला काही अर्थ उरत नाही.

सौ_आपटे

मला सिरियलबद्दल विचारायचं होतं, फेमस फाइव्हची इंग्रजी सिरियल १९७८ सालची होती ना? त्यात तरी चेहरे दिसतात. मुलाला ती दाखवा मग पुस्तकात गोंधळ होणार नाही.

मुग्धा_क

आपटे काकू, ती फेमस फाइव्हची, आमचं सिक्रेट सेव्हन चाललंय. आणि फेमस फाइव्हमध्ये गोंधळ होतच नाही फारसा.

सदूभाऊ_नाशिक

काकूंचं साल बरोबर आहे, १९७८-७९. पण बघा, चौघांत गोंधळ का होत नाही तेही घराच्या चित्रात दिसतं. किरिन बेट जॉर्जच्या आईकडचं. बाबा क्वेंटिन संशोधक, चिडके. कुत्रा घरात नको म्हणून टिमी लपवून कोळ्याच्या पोराकडे ठेवलेला. म्हणजे जॉर्जला बाहेरून ओढणारी माणसं तिच्याच घरात आहेत, आणि बेट दुसऱ्या कोणाला देताच येत नाही. बाकी तिघं तिथे पाहुणे. त्यातही ज्युलियन आणि डिक यांची अदलाबदल करून बघा, बऱ्याच पानांवर सहज होते.

रानपाखरू

आणि ब्लायटनचेच ते फाइव्ह फाइंड-आउटर्स? तिथे तर फॅटी एकटाच सगळं खाऊन टाकतो. पहिल्यापासून तोच लीडर, वेषांतर तोच करणार, त्या गून हवालदाराला तोच फसवणार. बाकीचे चौघं नुसते बघे.

निशाचर

पहिल्यापासून नाही! पहिल्या पुस्तकात (१९४३) लीडर लॅरी होता, मोठा म्हणून. फॅटी तर तेव्हा नवीन, बढाईखोर, कोणाला फारसा आवडत नव्हता. त्याचं खरं नाव फ्रेडरिक आल्जर्नन ट्रॉटव्हिल, आद्याक्षरं जोडली की एफ ए टी, म्हणून ते नाव पडलं. लीडरकी त्याच्याकडे नंतर गेली, आणि ती गेल्याबरोबर लॅरी कोण हे मी विसरलो. सदूभाऊंच्या भाषेत सांगायचं तर लॅरीकडे होतं ते एकच काम काढून घेतलं. पण बघे चौघं नाहीत, बेट्स नाही. ती आठ वर्षांची, सगळ्यात लहान, तिला भाऊ पिप सतत गप्प करतो आणि नेमकी तिच्याच साध्या प्रश्नातून फॅटीला बऱ्याचदा उत्तर मिळतं. मुग्धा, तुझा मुलगा पण आठ वर्षांचा ना, त्याला बेट्स नक्की आवडेल.

रानपाखरू

हो बेट्स आठवते! बरोबर, लॅरीची ती बहीण कोण... डेझी. तिचं नाव आठवायला पण वेळ लागला.

नर्मदेकाठी

मी थोडं वेगळं बोलू का. सगळे असं गृहीत धरतायत की चौघं सारखे असणं हा दोष आहे. मी लहान असताना इंदूरला आम्ही वाड्यात सात जण सिक्रेट सेव्हन खेळायचो. पीटर व्हायला भांडणं व्हायची कारण पीटर म्हटलं की पीटरसारखंच वागावं लागायचं, हुकूम सोडायचे, पासवर्ड विसरला की ओरडायचं. मी कायम बार्बरा. बार्बरा होण्यात मजा अशी की मी काहीही करू शकायचे, कोणी म्हणायचं नाही की बार्बरा असं करत नाही. मी तिला झाडावर चढवलं, तिला शिट्टी वाजवता येते असं ठरवलं, तिला एक आजी दिली. आजही कोणी बार्बरा म्हटलं की मला ती शिट्टी वाजवणारी मुलगीच दिसते. पुस्तकात उघडलं तर तसं काहीही नाही. त्यामुळे ती रिकामी घरं रिकामीच बरी असं माझं प्रामाणिक मत आहे.

निशाचर

पण हे वाचणाऱ्याने केलं, लेखिकेने नाही. त्याचं श्रेय पुस्तकाला कसं द्यायचं? तसं मग कुठलंही कच्चं पात्र चांगलंच म्हणावं लागेल.

नर्मदेकाठी

कुठलंही नाही. ज्युलियनच्या जागी मी कधी जाऊ शकले नाही, त्याच्यात जागाच नव्हती. बार्बरामध्ये होती.

सदूभाऊ_नाशिक

नर्मदेकाठी ताई, तुमचं वाचून मला माझी वाचनालयातली मुलं आठवली. खेळायला सेव्हन आणि वाचायला फाइव्ह, अशीच वाटणी असायची त्यांची. पण वाचून दाखवताना ऐकणाऱ्याला अडायला होतं हेही खरं, मुग्धाताईंचा प्रश्न त्यातूनच आलाय. दोन्ही एकदम कसं जुळवायचं ते मला नीट सांगता येत नाहीये.

मुग्धाताई, एक सुचवतो, क्रमाने वाचायचा आग्रह नसेल तर पुढचं पाचवं घ्या, गो अहेड सिक्रेट सेव्हन (१९५३). त्यात पाठलागाची प्रॅक्टिस करायची म्हणून जॉर्ज एका तरुण माणसाच्या मागे मागे जातो, तो माणूस चिडतो, आणि प्रकरण जॉर्जच्या बाबांपर्यंत जातं. बाबा सांगतात, टोळी सोड. आणि त्याला खरंच सोडावी लागते. सात कमी पडायला नको म्हणून त्याच्या जागी तात्पुरता मेंबर कोणाला करतात माहितीय? स्कॅम्परला. एरवी तो सातात धरलेला नसतो, फेमस फाइव्हमध्ये टिमी पाचात धरलेला आहे तसं इथे नाही. तर तेवढ्या पुस्तकापुरता जॉर्जच्या घराचा दरवाजा उघडतो आणि आत एक बाप दिसतो. मुलाला जॉर्ज आता ओळखता येतो का ते बघा आणि इथे सांगा.

मुग्धा_क

(दहा दिवसांनी)

उशीर झाला, मध्ये त्याला ताप होता. दुसरं पुस्तक संपवलं आणि काकांचं ऐकून सरळ पाचवं घेतलं.

जॉर्जचा तो प्रसंग आला तेव्हा हा उठून बसला. पहिल्यांदा म्हणाला, "पण त्याने चोरी थोडी केली होती, तो प्रॅक्टिस करत होता." मग म्हणाला बाबांना कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे होतं, पीटर का गेला नाही? पीटर लीडर आहे ना, त्याने जायला पाहिजे होतं. मला उत्तर देता आलं नाही, पुढे वाच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे बूट घालताना विचारलं, "जॉर्जला परत घेतात ना?" नावासकट! कोण जॉर्ज असं एकदाही विचारलं नाही त्यानंतर. घरांच्या चित्रात त्याने जॉर्जच्या घराबाहेर एक मोठा माणूस काढलाय, हात कमरेवर ठेवलेला.

दोन गोष्टी मात्र झाल्या. एक, तो आता पीटरवर नाराज आहे, पीटर आला की "हा बाबांकडे गेला नाही" असं म्हणतो, आणि आधी तोच त्याचा लाडका होता. दुसरं म्हणजे त्याने परस्पर जॅनेटला पीटरदादा म्हणायला लावलंय. मी सांगताना नुसतं "पीटर" म्हटलं की मला दुरुस्त करतो, "दादा म्हणेल ना ती". मी करू देऊ का? पुस्तकात तसं काही नाही.

केतकी_पार्ले

करू दे. त्याच्या कानाला भाऊ-बहीण म्हणून ते तसंच ओळखू येणार.

ल्योनकर

मी नाही करू देणार. जॅनेट त्याला हाकच मुळी नावाने मारते, आणि वेळ आली की तोंडावर उत्तर देते. दादा म्हटलं की ती लहान, ऐकणारी झाली. ती तशी नाहीये.

पंचगंगा

दादा म्हणूनही तोंडावर उत्तर देणाऱ्या बहिणी माझ्या घरात तीन आहेत.

सदूभाऊ_नाशिक

पीटरवरची नाराजी तशीच राहू द्या, ती त्याची स्वतःची आहे. आणि जॅकसाठी पुढे शॉक फॉर द सिक्रेट सेव्हन (१९६१) ठेवा, त्यात सूझीवरूनच पीटरशी वाजतं आणि जॅक टोळी सोडून जातो. जॉर्जला बाबांमुळे जावं लागलं, जॅक स्वतः जातो. मुलगा त्या दोघांना एकमेकांशेजारी ठेवून काय म्हणतो ते मला ऐकायचंय.

मुग्धा_क

ठेवते. आणि काका, पॅम आणि बार्बरा? त्यांच्यासाठी आहे का एखादं पुस्तक? काल त्याने दोघींची घरं चित्रात शेजारी शेजारी आणली आणि मध्ये एकच दार काढलं.

नर्मदेकाठी

त्याला सांगा बार्बराला शिट्टी वाजवता येते.